पात्र 11 म्हणतंय, रान 7 म्हणतंय: उन्हाळी टोमॅटोची नोंद

पिकाला रोज किती पाणी द्यायचं ते मी बाष्पीभवन पात्रावरून ठरवतो: पात्रातून रोज जेवढे मिलिमीटर पाणी उडतं त्याला पात्र गुणांकाने गुणायचं. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की हा पात्र गुणांक 0.70 वर पक्का बसलाय आणि आता हंगामभर तोच धरायचा. गव्हाची काढणी झाली आणि ते सगळं मोडलं. पात्राचं वाचन साडेआठ मिलिमीटरवरून थेट 11 वर गेलं. पाराही वाढला, पण एवढा नाही. दुसरीकडे टेन्शियोमीटर, म्हणजे माती पाणी किती घट्ट धरून आहे ते मोजणारी नळी; आकडा जितका मोठा तितकी माती कोरडी. 45 सेंटिमीटर खोलीवरचा तो सकाळी 9 सेंटीबारच्या वर यायला तयार नाही. म्हणजे मुळांच्या खालची माती चिंब आहे आणि वरचं पात्र ओरडतंय की पाणी कमी पडतंय. दोघांपैकी कोण खरं, यातच हा सगळा पंधरवडा गेला.

नव्यांसाठी मांडणी थोडक्यात. जुन्नर तालुका, मध्यम जमीन, 20 गुंठे टोमॅटो, पाच फुटी बेड, मल्चिंग पेपर. इनलाइन लॅटरल, दर 40 सेंटिमीटरला ताशी 2 लिटरचा ड्रिपर, म्हणजे तासाला 3.3 मिलिमीटर पाणी. पात्र क्लास-ए मापाचं आहे: 120.7 सेंटिमीटर व्यास, 25 सेंटिमीटर खोली, लाकडी चौकटीवर. वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेप्रमाणे. वर पक्ष्यांसाठी जाळी आहे आणि जाळीने बाष्पीभवन थोडं दबतं, म्हणून मी वाचनात 10 टक्के मिळवूनच वहीत लिहितो. खालचे सगळे आकडे तसे मिळवलेले आहेत.

सगळ्यात आधी शंका आली गळतीची. फॅब्रिकेटरने हे पात्र बनवून दिलं तेव्हा तळाच्या जोडावर डाग इतका पातळ दिला होता की पहिल्या भरणीतच कड ओली झाली होती. तो जोड नंतर पक्का करून घेतला, पण मनातून गेला नव्हता. म्हणून संध्याकाळी पाणी खुणेपर्यंत भरलं, पात्रावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट ताणून बांधला आणि पहाटे पातळी पाहिली. पाणी खुणेला टेकलेलंच. झाकलेल्या पात्रातही पाणी उतरलं असतं तर गळती धरता आली असती. तसं नव्हतं.

मग मापायच्या खुणेवर शंका घेतली. माझ्याकडे हुक गेज नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडचा भाव ऐकला तर त्यात ठिबकचा चांगला फिल्टर येईल. भोकं पाडलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा पात्रात उभा केलाय आणि त्यात टोक वर वळवलेली स्टीलची तार. टोकाला पाणी टेकेपर्यंत मापाने ओतायचं. या पात्राचं क्षेत्रफळ 1.144 चौरस मीटर येतं, म्हणून ओतलेले 1 लिटर 144 मिली म्हणजे एक मिलिमीटर. सकाळी दोनदा वेगवेगळं ओतून पाहिलं, फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत. माझं ठाम मत आहे की घरच्या वापराला यापेक्षा महागडं काही लागत नाही.

पात्र ठीक, खूण ठीक. मग बदललं काय? उत्तर पश्चिमेच्या बांधापलीकडे पसरलेलं होतं. शेजारच्या आण्णांचा गहू. दुपारचा वारा तिकडूनच येतो आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो शंभरेक मीटर हिरव्या गव्हावरून येत होता. हार्वेस्टर फिरला, लगेच नांगरट झाली आणि आता तोच वारा तापलेल्या ढेकळांवरून कोरडा होऊन पात्रावर आदळतोय. पात्राभोवती माझी हरळी आहे, पण ती दहा मीटरसुद्धा नाही.

एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, पात्र गुणांकाच्या तक्त्यात हे सरळ दिसतं. आपण सगळे त्यातला एक आकडा उचलतो आणि बाकीच्या रकान्यांकडे बघत नाही. हवा कोरडी म्हणजे सरासरी आर्द्रता 40 टक्क्यांखाली, वारा मंद, आणि वाऱ्याच्या बाजूला 100 मीटर हिरवं असेल तर गुणांक 0.70. तेच हिरवं 10 मीटर उरलं तर 0.65 आणि एकच मीटर असेल तर 0.55. वारा मध्यम झाला, सेकंदाला 2 ते 5 मीटर, की 10 मीटर हिरव्यालाही 0.60. पात्र तेच, खूण तीच, पिकाची गरज थोडीच वाढलेली, आणि शेजारचं रान मोकळं झाल्याने गुणांक दहाएक शतांश खाली.

ताडून पाहायला हारग्रीव्हजचं सूत्र घेतलं. त्याला फक्त कमाल आणि किमान तापमान लागतं:

```
ET0 = 0.0023 * (Tmean + 17.8) * (Tmax - Tmin)^0.5 * Ra
```

`ET0` म्हणजे हिरव्या गवताला रोज लागणारं पाणी, मिलिमीटरमध्ये; त्याला पीक गुणांकाने गुणलं की आपल्या पिकाची गरज मिळते. `Ra` म्हणजे वातावरणाच्या वर येणारी सूर्याची ऊर्जा, मिलिमीटरमध्ये मोजलेली. आपल्या 19 अक्षांशाला ती मार्चच्या सुरुवातीला 14 आणि अखेरीस 15 च्या आसपास. गहू उभा असताना कमाल 34, किमान 15. सूत्र म्हणालं 5.9 आणि पात्र 8.5. भागाकार 0.70, अगदी तक्त्यातला. काढणीनंतर कमाल 36, किमान 18. सूत्र 6.6 वर गेलं आणि पात्र 11 वर. भागाकार 0.60. हा आकडा वहीत उतरला तेव्हा फार बरं वाटलं, कारण तक्ता आणि सूत्र दोन वेगळ्या वाटांनी एकाच जागी आले होते.

आता याचा पाण्यावर परिणाम. टोमॅटो भर फुलोऱ्यात आहे. पूर्ण वाढीला पीक गुणांक 1.15 धरतात आणि प्लॅस्टिक मल्चिंगमुळे तो 10 ते 30 टक्के कमी होतो, म्हणून मी 1.0 धरलाय. त्यामुळे हिशेब सोपा: पात्र गुणिले पात्र गुणांक, तेवढंच पाणी. 0.70 ने 7.7 मिलिमीटर होतात. ठिबकची समानता 90 टक्के धरली तर 2 तास 34 मिनिटं. 0.60 ने 6.6 मिलिमीटर आणि 2 तास 12 मिनिटं. 22 मिनिटं ऐकायला किरकोळ वाटतात, पण हे रोजचं जादा पाणी मुळांखाली उतरतं आणि ठिबकमधून सोडलेलं नत्र सोबत नेतं. 45 सेंटिमीटरवरचे ते 9 सेंटीबार त्याचीच खूण होती.

इथे थांबून 0.60 लावून टाकावा असा विचार होता. पण सूत्राची मर्यादा डोळ्यांआड करता येत नाही. हारग्रीव्हजमध्ये वारा नाही आणि आर्द्रताही नाही. नांगरटीवरून आलेला गरम वारा पात्रातलं पाणी ओढतो तसाच माझ्या टोमॅटोतूनही ओढतो. 20 गुंठ्यांचा हिरवा तुकडा आणि बाजूला मोकळं रान, म्हणजे दोरीवर एकटंच वाळत घातलेलं ओलं धोतर. वारा सगळ्या बाजूंनी लागतो. तेव्हा पिकाची खरी गरज सूत्राच्या आकड्यापेक्षा थोडी जास्तच असणार. पात्राचा जुना गुणांक वरच्या बाजूला चुकतो, सूत्र खालच्या बाजूला, आणि खरं मधे कुठेतरी.

मधला आकडा मातीनेच ठरवावा म्हणून 0.60 पासून सुरुवात करून पाच-पाच दिवसांच्या बेरजेवर गुणांक हळूहळू वर नेला आणि दोन्ही टेन्शियोमीटर पाहत राहिलो. एका दिवसाच्या वाचनावर काही ठरवू नका. एखादी ढगाळ दुपार किंवा वाऱ्याची रात्र आकडा हलवते, पाच दिवसांत ते निवळतं. 0.63 ला गाडी थांबली. 45 सेंटिमीटरवर सकाळी 18 ते 20, आणि 20 सेंटिमीटरवर दुपारी 28 पर्यंत जाऊन पाण्यानंतर परत खाली. मुळांच्या थरात वाफसा टिकतोय आणि खाली पाणी झिरपत नाहीये. 11 गुणिले 0.63 म्हणजे 6.9 मिलिमीटर, 2 तास 18 मिनिटं. जुन्या हिशेबापेक्षा रोजचे साधारण 1800 लिटर विहिरीत राहतात. एप्रिल तोंडावर असताना हे मला मोठंच वाटतं.

टेन्शियोमीटरबद्दल एक सांगून ठेवतो. 80 सेंटीबारच्या आसपास त्यात हवा शिरते आणि काटा शून्याकडे पडतो. शून्य म्हणजे ओली माती असं समजून पाणी बंद केलं तर पीक जाईल. नळीतलं पाणी रोज पाहायचं, बुडबुडा दिसला की भरून घ्यायचं. आणि सिरॅमिक कप बसवताना मातीचा चिखल करून तो कपाला चिकटवून बसवा. नुसतं भोक पाडून खुपसलेला कप खोटं बोलतो.

हे लिहिता लिहिता पश्चिमेकडच्या ओळींचा विचार आला. दुपारी त्या आधी मलूल होतात आणि मी ते आतापर्यंत उन्हावर ढकलत होतो. काल सुटा टेन्शियोमीटर तिथल्या दुसऱ्या ओळीत 20 सेंटिमीटरवर लावला, तर दुपारी 41. मधल्या बेडमध्ये त्याच वेळी 27. म्हणजे वाऱ्याचा मार बांधालगतच्या तीन-चार ओळींवर जास्त पडतोय आणि आत जाईपर्यंत हवा टोमॅटोनेच थंड झालेली असते. सगळ्या प्लॉटला एकच गुणांक लावण्यात तिथे कमी आणि आत जास्त असं होतंय. फळाचं बूड काळं पडण्याची सुरुवात दरवर्षी त्याच बाजूने का होते, याचंही उत्तर बहुधा इथेच आहे, कारण पाण्याला खंड पडला की फळाला कॅल्शियम कमी पोचतं.

त्यामुळे बेत बदलला. पात्र टोमॅटोच्या मधोमध हलवायचं ठरवत होतो, ते रद्द. तिथे पीक वाढेल तसं पात्र सावलीत आणि आडोशाला जाईल, म्हणजे गुणांक पुन्हा सरकत राहणार. पश्चिमेला लसूणघासाचा पट्टा लावायचाही विचार केला, पण 10 मीटर रुंद पट्ट्याने तक्त्यात 0.65 च्या पुढे जाता येत नाही आणि त्या पट्ट्यालाही उन्हाळाभर पाणी लागेल. त्याऐवजी पश्चिमेच्या चार लॅटरलना सबमेनवर वेगळा व्हॉल्व्ह काढतोय. आत 0.63 चालू ठेवायचा, तिथे 20 मिनिटं जास्त द्यायची आणि दोन्हीकडचं दुपारचं वाचन एकमेकांच्या पाच सेंटीबारच्या आत येतंय का ते पाहायचं. या आठवड्यात वीज रात्रीची आहे, म्हणून व्हॉल्व्ह बसवला तरी वेगळ्या वेळा दिवसपाळी आल्यावरच सुरू करेन.

ज्यांच्या पात्राच्या वाऱ्याकडच्या बाजूला नुकताच गहू किंवा हरभरा निघालाय, त्यांनी काढणीच्या आधीची आणि नंतरची पाच-पाच दिवसांची बेरीज, सोबत कमाल-किमान तापमान, एवढं टाका. हरळीचा पट्टा किती मीटर आहे तेही लिहा. हलक्या जमिनीत गुणांक कुठे थांबतो ते मला पाहायचंय.