नुसतं ‘हो’ येतं आणि वरची चॅट कोरी असते

परभणीकडच्या एका कृषी सेवा केंद्राचं व्हॉट्सॲप मी सांभाळतो. पेरणीच्या दिवसांत अनोळखी नंबरवरून नुसतं ‘हो’, ‘ओके’ नाहीतर ‘पुढचं सांगा’ येतं, आणि वर एकही मेसेज नसतो. शेतकरी बोललेला असतो, पण गल्ल्यावर, कॉलवर किंवा दुकानाच्या दुसऱ्या फोनवर. कधी चॅटला 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांत मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग असते, तर कधी फोन बदलताना बॅकअप घ्यायचा राहिलेला असतो. त्याच्यासाठी बोलणं चालूच आहे, माझ्यासाठी हा पहिला शब्द.

आधी कॉल लॉग, अर्काइव्ह आणि दुसरा फोन बघायचा. दोन मिनिटांचं काम आहे. तिथंही काही नसेल, तर अंदाज बांधायचा नाही. सोयाबीनचंच बघा. एमएयूएस 162 आणि एमएयूएस 612 हे दोन्ही वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाचे, आकडेही तेच, फक्त उलटसुलट. आपण ‘हो’चा अर्थ लावून चुकीची बॅग दिली आणि ती पेरली गेली, तर परत घेण्यासारखं काही उरत नाही.

मी हे पाठवतो:

‘राम राम. तुमचा “हो” मिळाला, पण या फोनवर आपलं आधीचं बोलणं दिसत नाही. बियाणं, खत की औषध, कशाचं होतं? नाव-गाव पण कळवा.’

नुसतं ‘कशाबद्दल?’ विचारलं तर ते तुसडं वाटतं आणि उत्तर येतं, ‘तेच की.’ दहा पर्यायांची यादी दिली तर कुणी वाचत नाही. तीन पर्याय पुरतात.

समजा उत्तर आलं, ‘बियाणं. मानवतहून बोलतोय. काल फोनवर दोन बॅगा सांगितल्या होत्या.’ इथंही लगेच नोंद करायची नाही, कारण वाण अजून कळलेला नाही. तो विचारायचा, मग सगळं एका ओळीत परत लिहायचं: ‘एमएयूएस 612, दोन बॅगा, उद्या दुकानातून नेणार. बरोबर?’ आता येणाऱ्या ‘हो’वर वही उघडायची, कारण त्याच्या वर प्रश्न आहे.

‘ओके’चं वेगळं आहे. बहुतेक वेळा ते बोलणं संपवणं असतं, होकार नव्हे. ‘काही काम राहिलंय का?’ एवढंच विचारून थांबायचं.

सगळ्यात जोखमीचं ‘पुढचं सांगा’. हा माणूस बहुधा फवारणीची माहिती अर्धी ऐकून थांबलेला असतो. मधूनच सुरुवात केली, तर एका औषधाची सुरुवात आणि दुसऱ्याचं प्रमाण असं एकत्र होऊ शकतं, आणि तेच पंपात जातं. म्हणून मी शेवटच्या मेसेजचा स्क्रीनशॉट किंवा बाटलीच्या लेबलचा फोटो मागतो. दोन्ही नसेल तर पीक, कीड आणि औषधाचं नाव विचारून पहिल्यापासून सांगतो.

उत्तर आलंच नाही, तर संध्याकाळी एक कॉल करतो. तोवर त्या ‘हो’वर बॅग बाजूला काढून ठेवत नाही.