आयसोलेट ७: ‘नवी प्रजाती’ मागे घेतो, दोष ९०७आर प्रायमरने दाखवला

मागच्या नोंदीत आयसोलेट ७ या बॅक्टेरियाच्या १६एस जीनची ज्ञात प्रजातींशी जुळणी ९८.२ टक्के लिहिली होती आणि त्यावरून ती नवी प्रजाती म्हटली होती. ती चुकीची होती. नेमकं कुठे चुकलं ते सविस्तर देतो, कारण बॅसिलसवर काम करणाऱ्या कुणालाही हे भेटू शकतं.

पीसीआर नेहमीचाच: २७एफ-१४९२आर प्रायमर, २५ मायक्रोलिटर, ५५ अंशांवर अ‍ॅनीलिंग, ७२ अंशांवर दीड मिनिट, ३० सायकल. कॉलनी १२ ते १६ तासांचीच घ्यावी. जुन्या कॉलनीत बीजाणू वाढतात आणि उकळूनही डीएनए नीट सुटत नाही. बँड फिकट आला म्हणून ४० सायकल करू नका. टॅक एन्झाइममध्येच बॅक्टेरियाचा थोडा डीएनए असतो आणि मग निगेटिव्ह कंट्रोलमध्येही बँड उमटतो. या वेळी दीड हजार बेसचा बँड स्वच्छ होता, कंट्रोल कोरा.

अडचण सिक्वेन्सिंगच्या रीडमध्ये होती. २७एफचा रीड साधारण १७० व्या बेसपर्यंत सुरेख, आणि तिथून पुढे प्रत्येक पीकखाली एक बुटकं पीक, शेवटपर्यंत. सिक्वेन्सिंगवाल्यांनी पाठवलेल्या मजकूर फाइलमध्ये यातलं काहीच दिसत नाही. तिथे उंच पीकचं अक्षर छापलेलं असतं आणि बाकी गायब. म्हणून `.ab1` फाइल मागून घ्याच. ती न देणाऱ्याकडे नमुने पाठवू नयेत, या मतावर मी ठाम आहे.

पहिला संशय मिश्र कल्चरचा. तीनदा स्ट्रीक करून तीन वेगळ्या कॉलनी घेतल्या. तिन्हींत डबल पीक त्याच बेसपासून आणि त्याच उंचीचे. दोन जीव मिसळले असते तर प्रमाण कॉलनीगणिक बदललं असतं, एखादी कॉलनी शुद्धही निघाली असती. मग उरतं एकच कारण. बॅसिलस सबटिलिसच्या जीनोममध्ये १६एस जीनच्या १० प्रती असतात आणि त्या सगळ्या तंतोतंत सारख्या असतातच असं नाही. दोन-तीन प्रतींत एक बेस जास्त असला की तिथून पुढे त्यांचा क्रम एका घराने सरकतो आणि दोन क्रम एकमेकांवर छापले जातात.

टीए क्लोनिंग करून प्रती सुट्या करायचा बेत होता. लिगेशनची तयारी चालू असतानाच सुचलं की दुसऱ्या बाजूने वाचलं तर? १४९२आरचा रीड ६५० च्या आसपास संपतो, तो दोषापर्यंत पोहोचतच नाही. ९०७आर मात्र ८८० पासून उलटा येतो. मागवला, आणि तो दोषाच्या जागेपर्यंत अगदी स्वच्छ निघाला, डबल पीक त्याच्या पलीकडे! दोन्ही बाजूंनी एकाच जागी बिघडणं ही बेस कमी-जास्त असल्याचीच खूण. आता दोषाआधीचा भाग २७एफचा, नंतरचा ९०७आरचा, शेवट १४९२आरचा. क्यू२० पेक्षा कमी गुणवत्तेची टोकं छाटून १३९० बेस सलग मिळाले. क्लोनिंग रद्द.

```
blastn -query iso7.fasta -db 16S_ribosomal_RNA \
 -outfmt "6 sseqid pident length qcovs mismatch gapopen"
```

आता हिशेब पाहा. आधी ७८० बेसमध्ये १४ फरक होते, म्हणजे ९८.२ टक्के. आज १३९० मध्ये फक्त २, म्हणजे ९९.८६. प्रजातीची सीमा ९८.६५ धरली तर ७८० बेसमध्ये ११ फरक झाले की आपण सीमेखाली जातो. डबल पीकच्या जागी चुकून वाचलेल्या बारा अक्षरांनी ‘नवी प्रजाती’ तयार केली होती. `pident` बघताना `qcovs` ही बघा. जुळणी स्थानिक असल्याने न जुळणारी टोकं ब्लास्ट गुपचूप सोडून देतो आणि टक्केवारी फुगते.

सीमाही एकाच दिशेने वापरायची असते. १९९४ मध्ये ९७ टक्के सुचवले गेले, कारण त्याखालच्या जोड्यांत डीएनए-डीएनए संकरण ७० टक्क्यांपर्यंत जात नव्हतं. पुढे जीनोम तुलनेतून, ९५-९६ टक्के एएनआय म्हणजे दोन जीनोममधल्या सरासरी साम्याशी मेळ घालून, २०१४ मध्ये ९८.६५ आले. आकडा याखाली असेल तर प्रजाती वेगळी असण्याची शक्यता मोठी. वर असेल तर ‘तीच प्रजाती’ असं मात्र ठरत नाही. सबटिलिस, स्पिझिझेनी आणि इनाक्वोसोरम २०२० पर्यंत उपप्रजाती होत्या, आता स्वतंत्र प्रजाती आहेत, पण त्यांचे १६एस जवळजवळ एकच. आपल्या यादीतही पहिले अनेक हिट ९९.७ च्या वर आहेत आणि त्यांच्यातलं अंतर एक-दोन बेसचं. वरच्या हिटचं नाव लेबलवर उतरवणं इथे चूक ठरेल.

त्यामुळे डबीवर सध्या ‘बॅसिलस सबटिलिस गट’ एवढंच लिहिलं आहे. पुढे गायरेज-ए जीन. प्रथिनाचं जीन असल्याने त्यात तिसऱ्या जागेचे बदल साठतात आणि जवळच्या प्रजातीही सुटतात. प्रत एकच असते, त्यामुळे हा डबल पीकचा ताप नाही. त्याआधी आयसोलेट ३ आणि ११ च्या `.ab1` फाइल पुन्हा उघडतो. त्यांचेही आकडे ९८.६५ च्या जरा खाली होते आणि दोन्ही फक्त २७एफवर वाचलेले आहेत.