मागचं पानच नाही

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मॅनेजरसाठी आज इन्व्हेंटरी सॉफ्टवेअरची एका पानाची माहिती लिहिली. खरेदीवर सही त्यांचीच, आणि वाचायला वेळ मिळणार तो दोन फोनच्या मधला. म्हणून 'क्लाउड', 'डॅशबोर्ड' खाली ढकललं आणि वर त्यांच्याच स्टोअरमधलं उदाहरण ठेवलं. एक बेअरिंग रोज 40 लागतं, पुरवठादार 7 दिवस घेतो, शिवाय 80 राखीव हवीत. म्हणजे साठा 360 वर आला की ऑर्डर गेलीच पाहिजे. सॉफ्टवेअर त्याच दिवशी आठवण करतं.

त्याखाली वर्षाची फी, ट्रेनिंग, टॅलीशी जोडणी मिळून एकच आकडा. आमच्या सेल्सवाल्यांना तो मागच्या पानावर हवा होता. म्हटलं, मागचं पानच नाही!

एक ओळ मात्र हट्टाने ठेवली: माल देताना लगेच नोंद झाली नाही, तर स्क्रीनवर 400 आणि रॅकवर 300 असतील, आणि आठवण उशिरा येईल. रात्रपाळीला स्टोअरकीपर नसतो तिथे हे हमखास होतं.

मागणी लहानच केली: एका रॅकवर महिनाभर चालवा, मग माल मोजून स्क्रीनशी ताडून बघा.