घर जर्मनीत, टीव्ही सांगलीत

मागच्या मंगळवारी सकाळी साडेनऊला ऑफिसच्या आयटी सुरक्षा विभागातून फोन आला. बाईंचा आवाज एकदम शांत. "आपण सध्या भारतात आहात का?" मी श्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात, हातात चहा. म्हटलं, नाही, घरीच आहे. "मग आपला लॅपटॉप मुंबईतून लॉगिन झालेला का दिसतोय?"

मुंबई ऐकल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या सांगलीच्या घरचा इंटरनेटचा पत्ता कुठल्याही साईटवर तपासा, मुंबईच दाखवतो. आदल्या रात्री मी जे उद्योग केले होते, त्यात टीव्हीच्या डब्याबरोबर अख्खं घर सांगलीला पोचलं होतं.

आई तीन महिन्यांसाठी इकडे आलीय. आप्पा सांगलीत विश्रामबागेतच राहिले, घर बंद ठेवायचं नाही म्हणून. आईला तिच्या मालिका हव्यात आणि पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती, ते आपल्याच बातम्यांतून ऐकायचंय. इशारा ४० फूट, धोका ४५ फूट, हे सांगलीत पोरांनाही पाठ असतं, आणि २०१९ च्या महापुरानंतर तर ऑगस्टात तिला झोपच लागत नाही. सबस्क्रिप्शन आप्पांचं, पैसे ते भरतात, पण ॲप म्हणतं भारतातच चालेन. अटींत तसं लिहिलंय, नाही असं नाही. पण पैसे भरलेल्या घरातलीच बाई बघतेय, एवढं म्हणून मी गप्प बसतो.

आपलं इंटरनेट दुसऱ्या देशातून नेणारं विकतचं व्हीपीएन घेऊन पाहिलं होतं. २०२२ मध्ये ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायचा नियम आपल्याकडे आला, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. आता त्यांचा 'भारत' बऱ्याचदा सिंगापुरात किंवा लंडनमध्ये बसलेला असतो. म्हणून गेल्या गणपतीत छोटा राउटर नेऊन आप्पांच्या टेबलावर ठेवला आणि वायरगार्ड नावाच्या व्हीपीएन प्रोग्रामने इकडच्या राउटरशी जोडला. केबलवाल्याने घराला स्वतंत्र पब्लिक पत्ता दिलेला नाही, एकाच पत्त्यामागे कितीतरी घरं आहेत. त्यामुळे इकडून तिकडे हाक पोचत नाही. पण वायरगार्डला कोण सर्व्हर नि कोण क्लायंट याचं सोयरसुतक नाही. पब्लिक पत्ता माझ्याकडे आहे, म्हणून सांगलीचा राउटर मला हाक मारतो आणि `PersistentKeepalive = 25` मुळे दर पंचवीस सेकंदांनी दार ठोठावत राहतो. दोन राउटरांमधला हा बोगदा एकदा उभा राहिला की वाहतूक दोन्ही बाजूंनी चालते.

आता माझी चूक. इकडच्या ओपनडब्ल्यूआरटी राउटरवर सांगलीच्या पीअरपुढे, म्हणजे पलीकडच्या राउटरपुढे, `AllowedIPs` मध्ये `0.0.0.0/0`, म्हणजे कुठलाही पत्ता, असं लिहावंच लागतं, कारण टीव्हीचा डबा जगात कुठेही जाणार. त्या रकान्याजवळच `Route Allowed IPs` अशी एक खूण असते. ती मी केली. तिचा अर्थ असा, की राउटरचा मुख्य रस्ताच बोगद्यातून न्या. झालं! बायकोचा फोन, माझा लॅपटॉप, सगळे विश्रामबागेतून जगात निघाले. बँकेच्या ॲपने पैसे पाठवायला नकार दिला, ते मी सर्व्हर बिघडला असेल म्हणून सोडून दिलं होतं.

ऑफिसचा राग मात्र अजून गेलेला नाही. परदेशातून काम केलं तर कराचा आणि विम्याचा प्रश्न येतो, हे मला कळतं. लॉगिननंतर तासाभरात माणूस फोन करून विचारतो, हेही भारीच. आपल्याकडे आधी खातं बंद झालं असतं आणि मग मी आठवडाभर हेलपाटे मारले असते. पण खुलासा लेखी हवा म्हणाल्या. बरं, दिला. मग पुन्हा मॅनेजरच्या सहीने हवा. आईच्या मालिकेसाठी मॅनेजरची सही! वर त्याने विचारलंच, "घरचं इंटरनेट दुसऱ्या देशातून कशाला न्यायचं?" आता याला आयर्विन पूल कुठून समजावू?

दुरुस्ती तशी छोटी आहे. ती खूण काढली. मग डब्याला त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाच्या ओळख क्रमांकावरून, कायमचा आयपी बांधून दिला, 192.168.1.50. इथे एक लक्षात ठेवा, डब्याच्या केबलचा आणि वायफायचा मॅक वेगवेगळा असतो. केबल काढून वायफायवर टाकलात की त्याला दुसराच आयपी मिळतो आणि नियम त्याला ओळखत नाही. मग या तीन ओळी:

```
ip route add default dev wg0 table 100
ip route add unreachable default metric 4096 table 100
ip rule add from 192.168.1.50 lookup 100 priority 1000
```

पहिली ओळ शंभर नंबरचा वेगळा नकाशा काढते, ज्यात बाहेरचा एकच रस्ता आहे, सांगलीचा. तिसरी सांगते, की .50 वरून आलेल्यानेच हा नकाशा बघायचा. बाकीचे जुन्या रस्त्याने, जर्मनीतून. मधली ओळ मी नंतर घातली. राउटर रीस्टार्ट केला की `wg0`, म्हणजे बोगदा, उभा राहायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात डब्याला वेगळ्या नकाशात रस्ता सापडत नाही, तो मुख्य नकाशा बघतो आणि जर्मन पत्त्याने ॲपपुढे उभा राहतो. मधल्या ओळीमुळे तो थांबून राहतो. हे हाताने दिलेले हुकूम रीस्टार्टनंतर पुसले जातात, म्हणून चाचणी झाल्यावर तेच नियम राउटरच्या कायमच्या सेटिंगमध्ये घातले.

एवढं करूनही ॲप म्हणे, तुमच्या भागात उपलब्ध नाही. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी डब्यावरच्या ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' दाखवणारं पान उघडलं. आयपीव्ही४ मुंबई, म्हणजे आपली सांगली. खाली आयपीव्ही६, श्टुटगार्ट! माझा नियम फक्त व्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्याचा होता. इथला इंटरनेटवाला प्रत्येक उपकरणाला व्ही६ पत्ताही देतो आणि दोन्ही असले तर ॲप बहुधा व्ही६ च धरतं. मग फायरवॉलमध्ये डब्याच्या मॅकवरून येणारी व्ही६ वाहतूक बंद केली. त्यात `DROP` नाही, `REJECT` निवडलं. ड्रॉप केलं तर डबा उत्तराची वाट बघत ताटकळतो, रिजेक्ट केलं तर लगेच व्ही४ वर येतो.

वेगाचं म्हणाल तर इथल्या लाइनपेक्षा सांगलीच्या अपलोडवर जास्त अवलंबून आहे, कारण चित्र आधी आप्पांच्या घरी उतरतं आणि तिथून इकडे चढतं. एका टीव्हीला त्यांची लाइन पुरते. घर फिरवलं होतं तेव्हा माझे व्हिडिओ कॉल का अडखळत होते, तेही तेव्हाच कळलं.

काल साडेचारला, म्हणजे तिकडे रात्री आठला, मालिका मध्येच गोठली. बोगदा माझ्या बाजूने उभाच होता, पण पलीकडे कोणी नाही. वायरगार्ड अशा वेळी तक्रार करत नाही, पॅकेट नुसती पाठवत राहतो. मी लॅपटॉपवरून राउटरमध्ये शिरून

```
wg show
```

मारलं, तर `latest handshake` पुढे सहा मिनिटं. चालू बोगद्यात हा आकडा साधारण दोन मिनिटांपुढे जात नाही. मी आईला सांगायला वळलो, तर तिने फोन उचललेला होता.

"अहो, लाईट गेली का? मेणबत्ती देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये आहे."