तुम्ही विचारलंत म्हणून: टप्प्याचं बिल आणि त्यासोबतचा मेल

"प्रोजेक्ट आठ महिन्यांचा आहे, पैसे टप्प्याटप्प्याने ठरलेत, पण प्रत्येक वेळी बिल पाठवलं की क्लायंट म्हणतो 'हे काम अजून पूर्ण कुठे झालंय?' असा मेल नक्की कसा लिहायचा?"

मेलचं सांगतेच, पण बिल अडकतं ते बहुतेक वेळा मेलमुळे नाही. ते अडकतं कारण 'पूर्ण' म्हणजे काय हे दोघांनी दोन वेगळ्या अर्थांनी धरलेलं असतं, आणि हे कळतं नेमकं बिल गेल्यावर.

माझ्या सुरुवातीच्या एका कामात टप्प्यांची नावं होती 'डिझाइन', 'डेव्हलपमेंट', 'टेस्टिंग'. एवढंच. डेव्हलपमेंट झालं म्हणून मी बिल पाठवलं, तर समोरून उत्तर आलं की रिपोर्ट्स अजून नीट दिसत नाहीत, मग ते झालं तर म्हणाले आमच्या टीमने अजून वापरून पाहिलेलं नाही, आणि असं करत करत ते बिल अडीच महिने पडून राहिलं. त्यांची काही वाईट नियत नव्हती हे मला आजही वाटतं. त्यांच्या डोक्यात डेव्हलपमेंट म्हणजे सगळं चालू झालेलं सॉफ्टवेअर होतं आणि माझ्या डोक्यात कोड लिहून संपला हे होतं, आणि कागदावर फक्त एक शब्द होता जो दोघांनाही बरोबर ठरवत होता.

त्यानंतर मी टप्प्याला कामाचं नाव देत नाही, ज्या घटनेने तो टप्पा संपतो ती घटना लिहिते. उदाहरण म्हणून पुढच्या एका कामाची आखणी सांगते, ऑर्डर आणि स्टॉक सांभाळायचं सॉफ्टवेअर होतं, पाच शाखा असलेल्या कंपनीसाठी. करारावर सही झाली की १० टक्के ऍडव्हान्स. टप्पा १, गरजांचं डॉक्युमेंट मंजूर झालं की १०. टप्पा २, सगळ्या स्क्रीन्सची डिझाइन्स मंजूर झाली की १५. टप्पा ३, ऑर्डर आणि स्टॉकचं मॉड्यूल टेस्ट सर्व्हरवर चेकलिस्टप्रमाणे चाललं की २५. टप्पा ४, पाचही शाखांचा जुना डेटा आत आला आणि स्टॉकचे आकडे जुळले की २०. टप्पा ५, सिस्टिम प्रत्यक्ष वापरात आली की १५. आणि टप्पा ६, त्यानंतर ३० दिवस झाले की उरलेले ५.

यात 'चेकलिस्टप्रमाणे' हे दोन्हीकडच्या लोकांना महत्त्वाचं वाटायला हवं. टप्पा ३ सुरू व्हायच्या आधीच आम्ही अठरा ओळींची एक यादी केली होती, म्हणजे ऑर्डर टाकली की स्टॉक कमी व्हायला हवा, ऑर्डर रद्द केली की तो परत वाढायला हवा, एकाच वेळी दोघांनी शेवटचा नग विकायचा प्रयत्न केला तर दुसऱ्याला अडवायला हवं, अशा साध्या भाषेतल्या ओळी. प्रत्येकीपुढे हो किंवा नाही. काम संपल्यावर ती यादी त्यांनी स्वतः चालवून बघायची, मी नाही. 'छान दिसतंय, टीमला दाखवते' असा मेल आला तर ती मंजुरी नाही हे लक्षात ठेवा, मी एकदा अशाच वाक्यावर बिल पाठवून बसले होते. मंजुरी म्हणजे 'टप्पा ३ मंजूर आहे' असं लिहिलेला मेल, तो ज्या व्यक्तीला मंजुरीचा अधिकार आहे तिच्याकडून आलेला, आणि ती व्यक्ती कोण हे करारात लिहिलेलं.

मग बिलाचा मेल. हा मेल तुमच्या ओळखीची मॅनेजर वाचते आणि दोन मिनिटांत अकाउंट्सला फॉरवर्ड करते, आणि अकाउंट्समधल्या माणसाला तुमचं सॉफ्टवेअर काय आहे हे माहीत नसतं, माहीत असायची गरजही नाही. त्याला फक्त एवढं बघायचं असतं की हे पैसे कशाचे, हे कोणी मंजूर केलंय, ऑर्डर नंबर कोणता आणि कधीपर्यंत भरायचे. म्हणून मी मेल लिहिताना मॅनेजरला लिहिते, पण वाचणारा तो दुसरा माणूस आहे असं धरते. टप्पा ३ चा मेल असा होता, विषयाच्या ओळीत 'टप्पा ३ चं बिल, मंजुरी १२ जून, देय २७ जून' आणि त्यापुढे त्यांचा ऑर्डर नंबर, आणि आत हे:

"नमस्कार मॅडम,

टप्पा ३, म्हणजे ऑर्डर आणि स्टॉक मॉड्यूल, तुम्ही १२ जूनच्या मेलने मंजूर केलात. त्याचं बिल सोबत जोडलंय. करारातल्या पेमेंटच्या तक्त्याप्रमाणे हा टप्पा एकूण रकमेच्या २५ टक्के आहे. याआधी ऍडव्हान्स, टप्पा १ आणि टप्पा २ मिळून ३५ टक्के मिळालेत, हे बिल भरल्यावर ६० टक्के होतील आणि ४० टक्के पुढच्या तीन टप्प्यांचे राहतील.

बिलाच्या तारखेपासून १५ दिवसांची मुदत आहे, म्हणजे २७ जून.

सोबत तुमचा मंजुरीचा मेल आणि भरलेली चेकलिस्ट आहे. महिन्याच्या रिपोर्टमधले दोन बदल आपण १२ तारखेला टप्पा ५ मध्ये घ्यायचे ठरवले, ते या बिलात धरलेले नाहीत."

एवढाच. बिल मंजुरीच्याच दिवशी गेलं होतं. हे मी मुद्दाम करते, कारण तेव्हा मॅडमना अठरा ओळी तपासल्याचं ताजं आठवत असतं, तीन आठवड्यांनी तेच बिल गेलं तर त्या पुन्हा आपल्या टीमला विचारणार की हे नक्की झालं होतं का.

'३५ मिळाले, ६० होतील' ही ओळ कोणी सहसा लिहीत नाही आणि मला ती सगळ्यात कामाची वाटते. लांबच्या प्रोजेक्टमध्ये सहाव्या महिन्यात कोणालाच नक्की आठवत नाही किती गेले आणि किती राहिले, आणि त्यांच्या आकड्यात आणि तुमच्या आकड्यात फरक असेल तर तो आत्ताच कळलेला बरा. मला एकदा याच ओळीमुळे कळलं की क्लायंटने ऍडव्हान्स वेगळा न धरता टप्पा १ मधूनच कापायचा असं गृहीत धरलं होतं, आणि करारात ते स्पष्ट नव्हतं, दुसऱ्याच बिलाला कळलं म्हणून एका फोनमध्ये मिटलं.

शेवटची ओळही बघा, त्या दोन बदलांची. बहुतेक भांडणं तिथून सुरू होतात. टप्पा मंजूर करताना क्लायंट म्हणतो 'मंजूर आहे, फक्त हे एक-दोन बघा', आणि ते 'फक्त' कुठे जातं हे न लिहिता बिल गेलं तर ते आधी करा मग पैसे असं होतं, माणसाच्या दृष्टीने ते चूकही नाही. म्हणून मंजुरी आली की लगेच, बिलाच्या आधी, ठरवून घ्यायचं की हे या टप्प्यातली चूक आहे (मग ती दुरुस्त करूनच बिल), की पुढच्या टप्प्यात बसणारी गोष्ट आहे, की नवीन मागणी आहे जिचं वेगळं कोटेशन लागेल.

आणि बिलाच्या मेलमध्ये प्रश्न विचारू नका. मी आधी विचारायचे, 'आणि हो, शाखांच्या फाइल्स कधी मिळतील?' असं शेवटी टाकायचे. त्या प्रश्नाचं उत्तर शोधेपर्यंत अख्खा मेल बाजूला राहायचा, बिलासकट. आता फाइल्सचा मेल वेगळा जातो.

फाइल्सवरून टप्पा ४ आठवला, कारण तिथे खरी अडचण आली. पाच शाखांपैकी तीनच शाखांचा डेटा वेळेत आला, दोन शाखांमध्ये माणसं बदलत होती म्हणून फाइल्स मिळतच नव्हत्या, आणि आमचं तीन शाखांचं काम होऊन आकडेही जुळले होते. टप्प्याच्या शब्दांप्रमाणे बघितलं तर 'पाचही शाखा' झाल्या नव्हत्या, म्हणजे बिल पाठवायचा हक्क नव्हता. इथे पूर्ण २० टक्क्यांचं बिल पाठवून 'उशीर तुमच्यामुळे झाला' असं लिहायचा मोह होतो. तसं करू नका, कारण मग अकाउंट्सकडे गेलेल्या कागदावर जे लिहिलंय ते खरं नसतं आणि पुढच्या सगळ्या बिलांकडे संशयाने बघितलं जातं. मी मॅडमना बिलाशिवाय नुसता मेल केला, की टप्पा ४ चे दोन भाग करूया, ४क मध्ये आलेल्या तीन शाखा, ४ख मध्ये राहिलेल्या दोन, पाच शाखांचे २० म्हणजे शाखेला ४, तर ४क चे १२ टक्के आत्ता आणि ४ख चे ८ फाइल्स येऊन आकडे जुळल्यावर, चालेल का? त्यांचं 'चालेल' आलं, त्यांनी तीन शाखांचे आकडे तपासून मंजुरी दिली, मग ४क चं बिल गेलं आणि त्याला हे दोन्ही मेल जोडले. ४ख ला पुढे सात आठवडे लागले. तोपर्यंत २० टक्के अडकून राहिले असते.

करार करतानाच दोन वाक्यं असतील तर असे प्रसंग कमी येतात. एक म्हणजे काम तपासायला दिल्यापासून ७ कामाच्या दिवसांत लेखी हरकत आली नाही तर टप्पा मंजूर धरला जाईल. हे वाक्य करारात असेल तरच मेलमध्ये वापरता येतं, मध्येच आपल्या मनाने लिहिता येत नाही. आणि असलं तरी मी पाचव्या दिवशी आठवण करते, 'मंगळवारी मुदत संपतेय, काही हरकत असेल तर कळवा', कारण न वाचलेल्या मेलवर मिळालेली मंजुरी पुढे टिकत नाही, समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं. दुसरं वाक्य टप्पा ५ साठी, कारण सिस्टिम वापरात कधी आणायची हे क्लायंट ठरवतो, आणि त्यांनी ती तारीख चार महिने पुढे ढकलली तर तुमचं काम होऊनही १५ टक्के हवेत राहतात. तिथे लिहायचं, वापरात आल्यावर किंवा आमच्याकडून तयार असल्याचं कळवल्यापासून ३० दिवसांनी, जे आधी होईल ते.

तुमचा प्रोजेक्ट आधीच अर्ध्यात आहे आणि टप्प्यांची नावं 'डिझाइन', 'डेव्हलपमेंट' अशीच आहेत असं तुमच्या बोलण्यावरून वाटतंय. करार बदलायची गरज नाही. पुढच्या टप्प्याचं काम सुरू करायच्या आधी एक मेल करा, की हा टप्पा पूर्ण झाला असं आपण कशावरून म्हणायचं त्याची यादी मी लिहिलीये, बघून हो म्हणा किंवा बदल सांगा. आत्ता अडकलेल्या बिलासाठीही तेच करता येईल, 'अजून काय राहिलंय' हे त्यांच्याकडून लेखी मागवा, ती यादी बहुतेक वेळा तीन-चार ओळींचीच निघते, आणि त्या ओळी संपल्या की त्याच मेलवर उत्तर देऊन बिल पुन्हा पाठवा, नवीन तारखेसकट.