रात्रीची वही

"बिल व्हॉट्सॅपवर गेलंच की. मग तेच पुन्हा रात्री वहीत कशाला उतरवता?"

गिऱ्हाईकं विचारतात, माल पोचवणारा भाचा विचारतो, आणि जेवणं उरकून मी वही उघडली की घरातलंही कुणीतरी विचारतं. इतकी वर्षं "सवय आहे" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगून टाकते.

कायद्याची सक्ती म्हणून मी लिहीत नाही. चहाच्या टपऱ्यांना आणि वडापावच्या गाड्यांना मी कागदी कप, पार्सलचे डबे, बटर पेपर पुरवते. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या बरीच आत आहे, म्हणून जीएसटीची नोंदणी नाही. आयकर अनुमानित पद्धतीने भरते. त्यात बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान 6 टक्के आणि रोखीवर 8 टक्के नफा धरतात, बाकी हिशोबाची वही मागत नाहीत. तुमचं म्हणणं इथपर्यंत मला मान्य आहे.

मीही एके काळी हेच म्हणत होते. चॅट हीच वही, असं ठामपणे सांगायचे. तारीख आहे, वेळ आहे, दोन निळ्या खुणा आल्या म्हणजे समोरच्यानं बघितलं. त्यातून बिल शोधायचं तर गिऱ्हाईकाचं नाव टाकलं की झालं. उधारी किती राहिली तेवढी फक्त महिन्याअखेर एका जाड वहीत लिहायची.

मग 212 नंबरचं बिल झालं.

स्टँडजवळ एका काकांची चहाची टपरी आहे. त्यांना कपांची 20 पाकिटं गेली, 45 रुपयांप्रमाणे 900 झाले. डब्यांची 2 पाकिटं 160 प्रमाणे, 320. एकूण 1220. मी मोबाईलवर बिल तयार केलं, पीडीएफ पाठवली आणि त्या वेळी हाताशी होती म्हणून जाड वहीत 1220 लिहूनही टाकले. तासाभरानं भाचा परत आला तो डब्यांचं एक पाकीट घेऊन. चेपलेलं होतं, काकांनी घेतलं नाही. मी चॅटमधलं बिल सगळ्यांसाठी डिलीट केलं, मोबाईलमधल्या त्याच फाईलमध्ये रक्कम 1060 केली आणि 212 याच नंबरानं पुन्हा पाठवली. वहीला हात लावला नाही. काकांनी दुसऱ्या दिवशी 1060 रुपये रोख दिले, भाच्यानं मला आणून दिले, मी जमा धरले.

दोन महिन्यांनी उधाऱ्या काढल्या तर काकांच्या नावावर 160 रुपये. मी टपरीवर गेले. चार माणसं चहा पीत उभी होती. त्यांच्यासमोर म्हणाले, "काका, 212 चे 160 राहिलेत." ते म्हणाले, "ताई, एक पाकीट परत दिलं होतं." मी चॅट उघडून दाखवायला गेले, तर जिथे पहिलं बिल होतं तिथे `You deleted this message` एवढीच ओळ. खालच्या 1060 च्या बिलावर टिचकी मारली तर फाईल उघडेना. फोनमधली जागा संपली म्हणून मीच मधल्या काळात जुन्या पीडीएफ साफ केल्या होत्या. हातात राहिली ती वही, आणि वहीत 1220. मी वहीवर बोट ठेवलं.

काकांनी वाद घातला नाही. गल्ल्यातून 160 काढून दिले.

खरं तर त्यांच्याकडेही वही होती. खांबाला सुतळीनं बांधलेली, शंभर पानी. त्यात "212, पाकीट 1 परत, 1060" असं लिहिलेलं होतं. गिऱ्हाईकांसमोर ताईला खोटं पाडायचं नाही म्हणून त्यांनी ती उघडली नाही. हे मला कळलं तेव्हा तीन आठवडे उलटले होते. माल लावताना मागच्या फळीवर ते चेपलेलं पाकीट सापडलं. त्यावर भाच्याच्या अक्षरात पेनानं लिहिलं होतं: परत, 212. मी तशीच टपरीवर गेले, पैसे पुढे केले, माफी मागितली. तेव्हा त्यांनी वही दाखवली.

त्या रात्री मी स्वतःशी बरीच भांडले. चूक भाच्याची का? त्यानं तर पाकिटावर लिहून ठेवलं होतं. व्हॉट्सॅपची का? त्यानं मी सांगितलं तेच केलं. एका नंबराची दोन बिलं केली ती मी. खरं कुठलं, हे कुठेच लिहून न ठेवता एक पुसलं तेही मीच.

तेव्हापासून नंबर आधी वहीत पडतो, मग बिल मोबाईलवर तयार होतं. चुकलेलं बिल डिलीट करत नाही. वहीत त्यावर "रद्द" लिहिते, तो नंबर पुन्हा कुणाला देत नाही, आणि चॅटवर सांगते की 212 रद्द, त्याऐवजी 213. माल परत आला तर बिलाला हातच लावत नाही. वेगळी जमाचिठ्ठी करते, तिला वेगळा नंबर, आणि तिच्यावर लिहिते की कुठल्या बिलातलं काय परत आलं. काकांच्या बाबतीत तेव्हा हे केलं असतं तर वहीत 1220 नावे, खाली 160 जमा आणि बाकी 1060 असं स्पष्ट दिसलं असतं.

पीडीएफच्या खाली नंबर आणि रक्कम टाईप करून पाठवते, म्हणजे नंतर शोधता येतं. पण त्या ओळीवरही विसंबत नाही, कारण पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो. शिवाय काही गिऱ्हाईकांनी मेसेज आपोआप जाण्याची सोय लावून ठेवली आहे. 90 दिवसांनी त्या चॅटमधून माझंही बिल जातं आणि उधारी तर कधी कधी चार-चार महिने चालते. निळ्या खुणांचा अर्थ मेसेज उघडला, एवढाच. रक्कम कबूल आहे असा नाही. म्हणून "हो" किंवा "बरोबर" असं उत्तर मागते आणि आलं की वहीत बिलासमोर खूण करते.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट मी बघते, पण त्यावरून जमा धरत नाही. माझ्या खात्यात रक्कम दिसली की तिचा बारा आकडी व्यवहार क्रमांक बिलासमोर लिहिते. रोख असेल तर "रोख" आणि आणणाऱ्याचं नाव.

भाचा म्हणतो, बिलाचं ॲप घे, नंबर आपोआप पडतील. नंबराचं म्हणणं त्याचं बरोबर आहे. पण मी बघितलेल्या ॲपमध्येही जुनं बिल उघडून रक्कम बदलता येत होती, आणि घाईत मी ती बदलणार हे मला माहीत आहे. वहीत पेनानं खोडलं तरी आधीचा आकडा खाली दिसतो. मला तो दिसायला हवा आहे. तरी कबूल करते, वही भिजू शकते, हरवू शकते. दर रविवारी पानांचे फोटो काढून मुलीच्या फोनवर ठेवते, ते पुरेसं आहे की नाही याची खात्री मला नाही. रात्रीची पंधरा-वीस मिनिटं जातात, तीही खरीच.

काका अजून माल घेतात, पण उधारी बंद केली आहे. भाचा माल उतरवतो तेव्हा बिलाचा नंबर आणि रक्कम त्यांच्या शंभर पानी वहीत लिहून झाल्याशिवाय ते त्याला गाडी काढू देत नाहीत. ते 160 रुपये त्यांनी परत घेतलेच नाहीत. "पुढच्या बिलात वळते करा" म्हणाले. मी जमाचिठ्ठी केली, पाठवली, त्यांनी "बरोबर" असं उत्तर दिलं.