परिषदांच्या आयोजकांना ओळख नसताना मेल पाठवताना : माझा अनुभव

कॉर्पोरेट परिषदेच्या फोटोग्राफीची कामं मिळवण्यासाठी मी मेल info@ वर पाठवत नाही. तो पत्ता सगळ्यांचा असतो, म्हणून कुणाचाच नसतो. फोटोग्राफर ठरवणारी व्यक्ती बहुतेकदा कंपनीच्या मार्केटिंग विभागात किंवा इव्हेंट मॅनेजमेंट कंपनीत असते. परिषदेच्या पानावर प्रायोजकत्वासाठी जे नाव दिलेलं असतं, तिथून मी सुरुवात करतो.

या माणसाला सुंदर फोटोंपेक्षा एकच काळजी असते: फोटो हातात कधी येणार? त्याच संध्याकाळी कंपनीला लिंक्डइनवर पोस्ट टाकायची असते, प्रेस नोटसोबत फोटो जायचे असतात. म्हणून विषयाच्या ओळीत मी स्वतःचं नाव न घालता तेच लिहितो. मोबाइलवर ही ओळ लवकर तुटते, त्यामुळे महत्त्वाचे शब्द आधी. मेल इंग्रजीत जातो, पण मजकूर साधारण असा:

विषय: पुणे डीलर मीट – त्याच संध्याकाळी ४० फोटो

“नमस्कार मॅडम, १२ तारखेच्या डीलर मीटबद्दल वाचलं. मी पुण्यात कॉन्फरन्सचे फोटो काढतो. दुपारच्या जेवणाआधी १० आणि संध्याकाळी ७ पर्यंत ४० निवडक फोटो देतो, बाकीचे दोन दिवसांत. मागे एलईडी वॉल असलेल्या स्टेजचे १५ फोटो या लिंकवर आहेत. जीएसटी बिल मिळेल. त्या दिवसासाठी फोटोग्राफर ठरला आहे का?”

एलईडी वॉलचा उल्लेख मुद्दाम आहे. शटर स्पीड चुकला की त्या पडद्यावर आडवे पट्टे उमटतात आणि वक्त्याचा फोटो वाया जातो. ज्याने हे एकदा भोगलंय, तो ती लिंक उघडतोच.

फोटो जोडून पाठवू नयेत. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, आणि अनोळखी माणसाची जड फाइल कुणी उघडत नाही. ड्राइव्हची लिंक पाठवण्याआधी इन्कॉग्निटो विंडोत उघडून पाहा. परवानगी मागणारं पान दिसलं, तर समोरच्यालाही तेच दिसणार आणि तो तिथूनच परत जाणार.

वेडिंग प्लॅनरला हा मेल चालत नाही. तिथे वेगापेक्षा भरवसा लागतो. पंधरा निवडक फोटो कुणीही जमवतो, म्हणून मी हळदीपासून पाठवणीपर्यंत एकाच लग्नाची पूर्ण गॅलरी देतो, अर्थात त्या जोडप्याची परवानगी घेऊनच. सोबत त्या हंगामातल्या मुहूर्तांपैकी माझ्या कोणत्या तारखा मोकळ्या आहेत ते लिहितो. तुळशीच्या लग्नानंतर प्लॅनर मेल वाचायच्या मनःस्थितीत नसतात, त्यामुळे पावसाळ्यातच पाठवलेलं बरं.

उत्तर नाही आलं, तर पाच-सहा दिवसांनी त्याच मेलखाली एकदाच लिहावं. “माझा मेल पाहिलात का?” एवढंच विचारण्यापेक्षा नवं काही द्यावं: नुकत्याच झालेल्या परिषदेचे फोटो, किंवा ती तारीख अजून मोकळी आहे ही माहिती. त्यानंतरही शांतता असेल, तर पुढच्या वर्षीच्या परिषदेची घोषणा होईपर्यंत त्या पत्त्यावर मेल नको.